सुई, वहीच्या रेघा आणि अडीच संभाव्यता

सांगलीत विश्रामबागेत क्लासला जाणाऱ्या भाच्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पानावरच्या छापील रेघांवर तिरकी सुई काढलेली, शेजारी एक आयत, त्यात शून्यापासून वर चढत गेलेली वक्ररेषा, आणि खाली रेघांच्या कागदावर टाकलेली सुई एखाद्या रेघेला छेदण्याच्या संभाव्यतेचं सूत्र: P = 2l/πd, यात l म्हणजे सुईची लांबी आणि d म्हणजे रेघांतलं अंतर. सोबत प्रश्न: "मामा, सुई ३२ मिलीमीटर, रेघांतलं अंतर ८. उत्तर २.५५ येतंय. संभाव्यता एकापेक्षा जास्त कशी?"

सूत्रात चूक नाही, चित्रात आहे. फ्रान्सच्या ब्यूफाँने १७७७ मध्ये छापलेल्या या कोड्याचं हे उत्तर सुई दोन रेघांमधल्या अंतराएवढी किंवा त्याहून आखूड असेल तरच संभाव्यता म्हणून चालतं. भाच्याची सुई एकाच वेळी तीन-चार रेघा ओलांडते. त्याला म्हटलं, दर पाचवी रेघ लाल पेनाने गिरव आणि फक्त लाल रेघा मोज. आता अंतर झालं ४० मिलीमीटर, सुई तीच ३२.

खरी गंमत त्या आयतात आहे. सुई कशी पडली हे सांगायला दोनच आकडे लागतात: तिचा मध्यबिंदू जवळच्या लाल रेघेपासून किती दूर आहे, आणि तिने रेघेशी किती कोन केला आहे. अंतर ० ते २० मिलीमीटर, कोन ० ते ९० अंश. सुईची प्रत्येक फेक म्हणजे आयतातला एक बिंदू, आणि सगळे बिंदू सारख्याच शक्यतेचे, असं आपण धरतो. सुई रेघेला आडवी समांतर पडली तर मध्यबिंदू अगदी रेघेवर असल्याशिवाय छेद नाही. काटकोनात उभी पडली तर मध्यबिंदू १६ मिलीमीटर दूर असला तरी टोक पोचतं. मधल्या कोनांना ही पोच १६ गुणिले कोनाचा साइन इतकी असते. तीच ती वक्ररेषा. बिंदू तिच्याखाली पडला की छेद.

म्हणजे संभाव्यता काढायची तर दोन क्षेत्रफळांचा भागाकार करायचा. कोन रेडियनमध्ये घेतला तर ९० अंश म्हणजे π/2, साधारण १.५७. आयताचं क्षेत्रफळ २० × १.५७, म्हणजे ३१.४. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ, थोड्या कलनाने, बरोबर १६ येतं. १६ भागिले ३१.४ म्हणजे ०.५१. वर्तुळाचा मागमूस नसताना π आला तो कोनामधून: सुई कोणत्याही दिशेला वळू शकते, वर्तुळ ते तिथेच.

आणि ते २.५५? तो आकडा टाकून द्यायचा नाही. सगळ्या छापील रेघा मोजल्या तर एका फेकीत सरासरी इतक्या रेघा छेदल्या जातात. सरासरीला एकाची मर्यादा नसते, म्हणून सूत्र तिथे लांब सुईलाही लागू पडतं.

लाल रेघांवर १०० वेळा सुई टाकली तर ५१ च्या आसपास छेद अपेक्षित. उलट हिशेबाने π म्हणजे १६० भागिले छेद. ५१ आले तर ३.१४, पण ५० आले तर ३.२० आणि ५२ आले तर ३.०८. अधलंमधलं काही मिळतच नाही, कारण अर्धा छेद नसतो. शिवाय योगायोगाने पाचेक छेद इकडेतिकडे होणं नेहमीचंच, आणि ४६ छेद आले की π थेट ३.४८ वर. रेघेची जाडीही नडते. लाल रेघ अर्धा मिलीमीटर जाड असेल आणि नुसता स्पर्शही छेद धरला, तर शंभरात सव्वा छेद फुकट वाढतो. म्हणून रेघेची वरची कडा हीच रेघ मानावी आणि वही शिवणीपाशी फुगते तो भाग सोडून सुटा कागद घ्यावा.

१८५० मध्ये स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फने याच प्रमाणाची सुई, ४५ मिलीमीटर अंतराला ३६ ची, ५००० वेळा टाकली. २५३२ छेद आले. π निघाला ३.१६. एवढ्या मेहनतीला हे फळ थोडं वाटेल, पण प्रामाणिक प्रयोग असाच दिसतो.

त्याच्याशेजारी इटलीच्या लाझारिनीचा १९०१ चा आकडा ठेवा: ३४०८ फेकी, १८०८ छेद, π = ३.१४१५९२९. सहा दशांश स्थळं बरोबर! इतक्या फेकींत ०.०५ चा फरक सहज पडायला हवा. त्याची सुई अंतराच्या ५/६ होती. त्या मापाला २१३ फेकींत ११३ छेद आले की ३५५/११३ हा π चा जुना, फार जवळचा अपूर्णांक आपोआप तयार होतो. आणि ३४०८ म्हणजे २१३ ची सोळा पट. माझ्या मते आकडा जुळेपर्यंत थांबायचं नाही आणि जुळला की लगेच थांबायचं, असा हा प्रकार असावा. एकच छेद जास्त, १८०९, आला असता तर π निघाला असता ३.१३९९.