वारंवार होणाऱ्या यंत्रबिघाडाचा मूळ कारण अहवाल

एकच यंत्र, एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने पुन्हापुन्हा बंद पडू लागले की केवळ दुरुस्तीची नोंद पुरत नाही. बिघाड का होतो, आधीच्या दुरुस्त्यांनी तो का थांबला नाही आणि आता नेमके काय बदलायचे, हे पुराव्यासह मांडणाऱ्या लेखी दस्तऐवजाला मूळ कारण विश्लेषणाचा अहवाल म्हणतात. त्यात बहुधा दोन साधने जोडीने वापरली जातात. संभाव्य कारणे एका नजरेत मांडणारी फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्याची आकृती. आणि त्यातल्या टिकलेल्या कारणाच्या खोलात जाणारी ‘का?’ची साखळी. कारखान्यात हिला सर्रास ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात.

फिशबोन आकृती जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा (१९१५–१९८९) यांच्या नावाने ओळखली जाते. ‘का?’ पाच वेळा विचारण्याची रीत टोयोटा कंपनीत रुजली. तिथले ताइइची ओनो यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: यंत्र थांबले कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण बेअरिंगला वंगण कमी पडले, वंगण कमी पडले कारण पंप नीट ओढत नव्हता, पंपाचा शाफ्ट झिजला होता, आणि तो झिजला कारण गाळणी नसल्याने धातूचा चुरा आत जात होता. फ्यूज बदलून काम सुरू केले असते तर तोच बिघाड पुन्हा आला असता. मात्र पाच हा आकडा म्हणजे नियम नव्हे. कधी तीन पायऱ्यांत मूळ सापडते, कधी सात लागतात.

बिघाडाचे विधान

अहवाल बिघडतो तो बहुतेकदा पहिल्याच ओळीत. ‘ग्रीसिंगअभावी मोटरचे बेअरिंग वारंवार जाते’ या विधानात कारण आधीच ठरवून टाकले आहे. पुढचे सारे विश्लेषण मग त्याच्या समर्थनासाठी होते. विधानात फक्त दिसलेली गोष्ट असावी: कोणते यंत्र, कोणता भाग, कधीपासून, किती वेळा. त्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे बिघाड कुठे होत नाही, हेही लिहावे. शेजारचे तसेच यंत्र बिनतक्रार चालत असेल, तर दोघांमधला फरक हा तपासाचा सर्वांत स्वस्त धागा असतो.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन सारखे, पट्ट्यावर चालणारे पंखे आहेत. दोन्हींना ४५ किलोवॅटची चार-पोल मोटर असून दोन्ही टोकांना ६३१३ सी३ बेअरिंग आहेत. ‘अ’ पंखा पूर्वी तीन वर्षे तक्रारीविना चालला. वीज वाचवण्यासाठी त्याला वेग बदलणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बसवला आणि त्यानंतर ११, ९, १० व ८ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा मोटरचे बेअरिंग गेले. ‘ब’ अजून साध्या स्टार्टरवर आहे. त्याला काही झालेले नाही. विधान एवढेच.

फिशबोन

माशाच्या डोक्यात हे विधान लिहून मुख्य काटे काढतात: माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत, मोजमाप, परिसर. ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि देखभाल नियोजक अशा चार-पाच जणांनी यंत्राजवळ उभे राहून ही आकृती भरली तर ती खरी उतरते. बैठकीच्या खोलीत भरलेल्या आकृतीत ‘प्रशिक्षणाचा अभाव’ हमखास येतो आणि कपलिंग किंवा केबलचा ग्लँड कुणालाच आठवत नाही.

या प्रकरणात आलेली मुख्य कारणे अशी: ग्रीस कमी किंवा जास्त, पट्टा अति ताणलेला, बेअरिंग नकली, बसवताना हातोड्याचे ठोके, पुल्या एका रेषेत नसणे, बाहेरची धूळ आणि ड्राइव्हमुळे बेअरिंगमधून जाणारा विद्युतप्रवाह. इथे एक वाईट सवय सांगायला हवी. अनेक ठिकाणी या कारणांवर मतदान घेऊन ‘सर्वाधिक संभाव्य’ कारण निवडतात. आकृती म्हणजे संशयितांची यादी. ती स्वतः काहीच सिद्ध करत नाही. म्हणून प्रत्येक काट्यापुढे तीनपैकी एक शेरा हवा: पुराव्याने बाद, पुराव्याने टिकले किंवा तपासायचे बाकी. शिवाय तो पुरावा कोणता, हेही त्याच ओळीत यावे.

ग्रीसचा काटा कसा बाद होतो, ते पाहण्यासारखे आहे, कारण बेअरिंगच्या जवळपास प्रत्येक अहवालात पहिला आरोप ग्रीसवर येतो. पुन्हा भरायच्या ग्रीसचा प्रचलित अंदाज म्हणजे बेअरिंगचा बाह्य व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये येते. ६३१३ साठी १४० × ३३ × ०.००५ म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. लॉगबुकात मात्र ‘५ स्ट्रोक’ एवढेच लिहिलेले असते. ग्रीस भरायची गन वजनकाट्यावर तपासली तेव्हा एका स्ट्रोकला १.४ ग्रॅम, म्हणजे एका वेळी ७ ग्रॅम ग्रीस निघाले. तीन महिन्यांतून एकदा एवढेच दिले असते तर ते खरोखर कमी पडले असते. पण दुसऱ्या बिघाडानंतर ग्रीसिंग दरमहा केले होते, म्हणजे तिमाहीला २१ ग्रॅम. तरीही बिघाडांमधले अंतर वाढले नाही. शिवाय ‘ब’ पंख्याला तीच गन, तेच ग्रीस आणि तोच माणूस. काटा बाद. स्ट्रोकऐवजी ग्रॅममध्ये नोंद ठेवण्याची सुधारणा मात्र वेगळी नोंदवून ठेवावी.

तुटलेला भाग

पहिली तीन बेअरिंग बदलली आणि ती भंगारात गेली. चौथे राखून ठेवले, बाहेरची कडी कापली आणि आतला मार्ग पुसून तिरप्या उजेडात पाहिला. त्यावर चालीच्या दिशेला आडव्या, जवळजवळ समान अंतराच्या बारीक पन्हाळी होत्या, अगदी कपडे धुण्याच्या खाचांच्या फळीसारख्या. गोळ्यांची चकाकी जाऊन त्या राखाडी झाल्या होत्या आणि ग्रीस काळे पडले होते. मागच्या टोकाच्या बेअरिंगवरही तीच खूण होती.

ही खूण बाकीच्या काट्यांना उत्तर देते. पट्टा जास्त ताणला असता तर नुकसान मुख्यतः पुलीकडच्या बेअरिंगच्या भार झेलणाऱ्या बाजूला दिसले असते, दोन्ही टोकांना सारखे नाही. हातोड्याच्या ठोक्यांनी गोळ्यांच्या अंतरावर खड्डे पडतात. धुळीने मार्ग घासून निस्तेज होतो. समान अंतराच्या पन्हाळी मात्र विद्युतप्रवाहाकडे बोट दाखवतात. प्रवाह ग्रीसचा पातळ थर फोडून जातो तेव्हा प्रत्येक ठिणगीला पोलादाचा सूक्ष्म ठिपका वितळतो. गोळ्या त्यावरून फिरत राहिल्या की त्यांतून अशी नक्षी तयार होते.

खूण पुरेशी बोलकी असली तरी मोजमाप लागतेच. फिरत्या शाफ्टला कार्बन-तंतूंचा ब्रश टेकवून ऑसिलोस्कोपवर शाफ्ट ते मोटरचे आवरण यांमधला विद्युतदाब पाहतात. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण हे स्पंद फार जलद असतात. ड्राइव्हवर असताना शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे ३० व्होल्ट दाब आणि मधूनमधून एकदम शून्याकडे कोसळणारी रेषा दिसली; ती कोसळणे म्हणजे बेअरिंगमधली ठिणगी. मग डँपर मिटून तीच मोटर बायपासने थेट वीजपुरवठ्यावर चालवली, तेव्हा हे स्पंद नाहीसे झाले. कारण चालू केले की लक्षण येते, बंद केले की जाते: अहवालात याहून भक्कम पुरावा सहसा मिळत नाही.

‘का?’ची साखळी

आता टिकलेल्या एकाच काट्यावर साखळी उतरते. मोटर का थांबली? बेअरिंग जॅम झाले. का? मार्गावर पन्हाळी पडल्या. का? शाफ्टवरचा दाब बेअरिंगमधून जमिनीला गेला. का? त्याला दुसरी सोपी वाट नव्हती. शाफ्टला अर्थिंग रिंग नाही, केबल कवचाविना आणि बेअरिंग साधे. का? ड्राइव्ह बसवताना जुनी मोटर आणि जुनी केबल तशीच ठेवली. का? बदलाच्या मंजुरीपत्रात विजेची बचत आणि पॅनेलची जागा यांचे रकाने होते, मोटरच्या बेअरिंगचा नव्हता.

साखळी तपासायची सोपी रीत म्हणजे ती खालून वर ‘म्हणून’ लावून वाचणे. रकाना नव्हता म्हणून जुनी मोटर आणि केबल राहिली, म्हणून वाट उरली नाही, म्हणून प्रवाह बेअरिंगमधून गेला. जिथे ‘म्हणून’ अडखळतो तिथे पायरी गाळलेली आहे किंवा ओढूनताणून आणलेली आहे. ‘ऑपरेटरने लक्ष दिले नाही’ ही पायरी आली तर साखळी तिथे संपवू नये. लक्ष देऊन त्याला काय दिसले असते, हा पुढचा प्रश्न आहे.

दुसरी साखळी हवी ती बिघाड वेळीच का कळला नाही याची, आणि बहुतेक अहवाल ती सोडून देतात. इथे दरमहा कंपन मोजले जात होते आणि आकडा शेवटच्या आठवड्यापर्यंत २ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आसपास होता. का? एकूण वेगाचे ते मोजमाप १००० हर्ट्झपर्यंतचे होते, तर बेअरिंगमधली सुरुवातीची खराबी त्याहून वरच्या वारंवारतेत आधी दिसते. आणि पहिल्या तीन वेळा खूण का सापडली नाही? जुने बेअरिंग कापून पाहण्याची पद्धतच नव्हती.

साखळीची एक मर्यादाही आहे. ती एका सरळ रेषेत जाते. दोन कारणे एकत्र आल्यावरच बिघाड होत असेल, तर त्या पायरीवर फांद्या काढाव्या लागतात आणि प्रत्येक फांदीला स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. वरच्या साखळीतली चौथी पायरी तशीच आहे: ड्राइव्ह हा दाबाचा उगम, आणि वाट नसणे ही त्याची साथ.

उपाय आणि अहवाल बंद करणे

उपायांचे तीन थर वेगळे लिहावेत. तात्पुरता: ड्राइव्हची कॅरिअर वारंवारता ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणणे. ठिणग्या कमी होतात, मोटरचा आवाज थोडा वाढतो. मूळ कारण जागेवरच राहते. कायमचा: पुलीच्या बाजूला शाफ्टवर अर्थिंग रिंग, मागे इन्सुलेटेड बेअरिंग आणि कवचाची केबल, जिचे कवच ग्लँडमध्ये सर्व बाजूंनी पक्के धरलेले असेल. कवच पिळून एका तारेने जोडले तर उच्च वारंवारतेला त्याचा फारसा उपयोग होत नाही. रिंग बसते तिथला रंग आणि गंज शाफ्टवरून पूर्ण काढावा लागतो. तिसरा थर पद्धतीचा: मंजुरीपत्रात बेअरिंग व केबलचा रकाना, काढलेले प्रत्येक बेअरिंग तारखेच्या चिठ्ठीसह कापून होईपर्यंत राखणे आणि आवारात ड्राइव्ह बसवलेल्या बाकी मोटरींची यादी करून त्यांचा शाफ्टदाब मोजणे. प्रत्येक ओळीपुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी; ‘देखभाल विभाग’ हे नाव नव्हे.

उपाय केल्याच्या दिवशी अहवाल बंद होत नाही. आधी शाफ्टदाब पुन्हा मोजतात; इथे तो ३ व्होल्टच्या खाली आला. मग वाट पाहावी लागते. बिघाड सरासरी साडेनऊ आठवड्यांनी येत असेल, तर दहा आठवडे निभावले यावरून काहीच ठरत नाही. निदान तिप्पट, म्हणजे सुमारे तीस आठवडे मोटर चालू द्यावी आणि मधल्या काळात उच्च वारंवारतेचे कंपन दरमहा पाहावे. त्याआधी बेअरिंग गेले तर नवा अहवाल सुरू न करता हाच उघडायचा, आणि फिशबोनवर ‘बाद’ शेरा मारलेल्या काट्यांचे पुरावे पुन्हा तपासायचे.