एक सपाट चमचा, ३० मिलिलीटर पाणी

आईचे दूध मिळू शकत नाही किंवा पुरत नाही, अशा तान्ह्या बाळाला डब्याचे दूध द्यावे लागते. भारतात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर त्याचे प्रमाण एका ओळीत छापलेले असते: ३० मिलिलीटर पाण्याला डब्यातील चमच्याने एक सपाट चमचा पावडर. ही ओळ वाचून पुष्कळ घरांत ती चहातल्या साखरेच्या प्रमाणासारखी, म्हणजे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल अशी, मानली जाते. प्रत्यक्षात ती औषधाच्या मात्रेइतकी काटेकोर आहे, कारण सहा महिन्यांखालील बाळाला पाणी, मीठ आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी त्या एकाच बाटलीतून मिळतात आणि त्यात झालेली चूक सुधारून घेण्याची ताकद त्याच्या मूत्रपिंडांत अजून आलेली नसते.

उदाहरणासाठी जत तालुक्यातील एखाद्या वस्तीवरचे घर घेऊ. बाळ चार महिन्यांचे, वजन सहा किलो. या वयात एका किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलीटर दूध लागते, म्हणजे दिवसाचे ९०० मिलिलीटर. ३० मिलिलीटरला एक चमचा या हिशेबाने दिवसाचे ३० चमचे झाले. एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते. तेव्हा दिवसाला सुमारे १३५ ग्रॅम पावडर लागते आणि ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन दिवस पुरतो. महिन्याला दहा डबे. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा खर्च झेपत नाही, आणि दूध पातळ होण्याची सुरुवात बहुधा याच हिशेबातून होते, निष्काळजीपणातून नव्हे. "आत्या, डबा संपत आलाय," असे सून सांगते. सासू मायेनेच म्हणते, "पावडरीचं दूध जड असतंय बाळाला, पातळच दे." त्या दिवसापासून ६० मिलिलीटर पाण्यात एकच चमचा पडू लागतो आणि डबा सहा दिवस चालतो. दुपारच्या उन्हात बाळाचे ओठ सुकलेले दिसले की मधल्या वेळेला उकळून गार केलेले पाणीही चमच्याने पाजले जाते.

आता बाळाच्या पोटात काय जाते ते पाहू. योग्य प्रमाणात केलेल्या १०० मिलिलीटर दुधात सुमारे ६७ किलोकॅलरी ऊर्जा असते. ९०० मिलिलीटरमध्ये ती ६०० च्या आसपास होते आणि तेवढीच या बाळाला हवी असते. निम्म्या पावडरीच्या दुधातून ती ३०० मिळते. बाळ उपाशी राहते, रडते, अधिक दूध मागते. त्याला अधिक दिले जाते आणि त्या प्रत्येक वाढीव बाटलीबरोबर प्रामुख्याने पाणीच आत जाते. मिठाचे, नेमके सांगायचे तर सोडियमचे, येणे निम्म्यावर आले आहे आणि पाण्याचे येणे मात्र वाढत चालले आहे. मोठा माणूस असे जास्तीचे पाणी काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतो. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे लघवी पातळ करू शकतात, पण एका वेळी रक्त गाळण्याचा त्यांचा वेग कमी असल्यामुळे पाण्याचा लोंढा त्यांना आवरत नाही. शिवाय जी लघवी होते तिच्याबरोबर थोडे सोडियमही जातच राहते.

रक्तातील सोडियम सामान्यतः लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात असते. ते खाली घसरू लागले की रक्त पेशींच्या आतील द्रवापेक्षा पातळ होते आणि पाणी पेशींमध्ये शिरू लागते. स्नायूंच्या किंवा त्वचेच्या पेशी थोड्या फुगल्या तरी निभावते. मेंदूला मात्र कवटीच्या आत फुगायला जागा नसते. बाळाची टाळू अजून मऊ असल्यामुळे थोडी सवड मिळते, पण ती फार थोडी. सोडियम १२० च्या आसपास किंवा त्याखाली गेले की झटके येण्याची शक्यता खूप वाढते, आणि घसरण जितकी वेगाने झाली असेल तितका धोका मोठा.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला घरातल्यांना बाळ ठीक वाटते. "लघवी चांगली होते" ही आपल्याकडे बाळाला दूध पुरत असल्याची खूण मानली जाते, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पातळ दूध पिणारे बाळ मात्र भरपूर लंगोट ओले करते आणि तरीही उपाशी असते. या बाबतीत वजनाचा काटाच खरे सांगतो. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात दर महिन्याला वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात नोंदवले, तर रेषा आडवी झालेली चटकन दिसते. त्यानंतर बाळ सुस्त होऊ लागते, दूध ओढायला कंटाळते, पापण्या आणि चेहरा किंचित सुजल्यासारखा दिसतो, अंग गार लागते आणि मग अचानक झटके येतात. ताप नसताना, उलट अंग गार असताना आलेले झटके ही पाण्याच्या अतिरेकाची महत्त्वाची खूण आहे. अशा वेळी झटक्यांच्या नेहमीच्या औषधांचा गुण अनेकदा येत नाही. रक्तातील सोडियम वाढवावे लागते आणि त्यासाठी तीन टक्क्यांचे क्षाराचे द्रावण रुग्णालयातच, मोजून शिरेतून द्यावे लागते. घरी मीठ-पाणी पाजून हे साधत नाही. तो प्रयत्न बाळाला दुसऱ्या टोकाच्या संकटात ढकलू शकतो.

अनुभवी बालरोगतज्ज्ञ अशा बाळाच्या आईला "दूध किती चमचे घालता?" एवढेच विचारून थांबत नाहीत, तर पाणी, डबा आणि बाटली समोर ठेवून नेहमीसारखे दूध करून दाखवायला सांगतात. तोंडी उत्तर पुष्कळदा डब्यावर छापलेलेच येते. हात जे करतात ते वेगळे असू शकते. मिरजेसारख्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर बाळाबरोबर डबा, त्यातला चमचा आणि बाटली नेली पाहिजे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दुसऱ्या टोकाची चूकही मायेपोटीच होते. बाळ बारीक आहे, शेजारचे बाळ गुटगुटीत आहे, म्हणून चमचा शिगोशीग भरला जातो किंवा एक चमचा वर घातला जातो. काही वेळा तर तसा हेतूही नसतो. केवळ क्रम उलटा होतो. १५० मिलिलीटर पाणी आधी मोजून घेतले आणि त्यात पाच सपाट चमचे पावडर घातली, तर तयार दूध सुमारे १६५ मिलिलीटर भरते, कारण पावडरही जागा घेते. तेच पाच चमचे आधी बाटलीत टाकून मग १५० च्या खुणेपर्यंत पाणी ओतले, तर पाणी प्रत्यक्षात १३५ मिलिलीटरच्या आसपासच बसते आणि दूध दहा टक्क्यांनी दाट होते. त्यात शीग लावलेल्या चमच्यातून पाव हिस्सा पावडर जास्त आली असेल, तर दोन्ही चुका मिळून दूध एक तृतीयांशाहून अधिक दाट होते. आणि घरातील कोणालाही आपण काही वेगळे केले असे वाटत नाही.

दाट दुधातील जास्तीची प्रथिने आणि क्षार शरीराबाहेर टाकायला पाणी लागते. मोठ्या माणसाची मूत्रपिंडे थोड्या पाण्यात पुष्कळ क्षार बाहेर काढतात. नवजात बाळाची मूत्रपिंडे लघवी त्याच्या साधारण निम्मीच दाट करू शकतात. म्हणून ते पाणी बाळाच्या अंगातून खर्च होते. माण-खटावच्या उन्हाळ्यात, किंवा बाळाला जुलाब लागलेले असताना, हा खर्च आणखी वाढतो. रक्तातील सोडियम १४५ च्या वर चढते आणि बाळाला तहान लागते. ते रडते, घरातले त्या रडण्याचा अर्थ भूक असा लावतात आणि पुन्हा तेच दाट दूध पुढे येते. या वेळी पाणी पेशींमधून रक्तात ओढले जात असल्यामुळे शरीर कोरडे पडल्याच्या नेहमीच्या खुणा उशिरा दिसतात; त्वचा सैल पडण्याऐवजी मळलेल्या कणकेसारखी लागते. बाळ चिडचिडे होते, तीव्र, उंच आवाजात रडते, त्याला ताप येतो. आत मेंदू आकसत असतो आणि कवटीला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणून फुटण्याचा धोका असतो. उपचारही सावकाश, बहुधा दोन दिवसांत पसरून करावे लागतात, कारण सोडियम झपाट्याने खाली आणले तर तोच मेंदू उलट सुजतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात अशी बाळे रुग्णालयात येत होती. तेव्हाच्या पावडरींत क्षार जास्त होते आणि चमचे भरून घातले जात होते. १९७४ च्या सरकारी अहवालानंतर तेथील पावडरींमधील क्षार कमी करण्यात आले. आजच्या पावडरी त्यामुळे अधिक सुरक्षित आहेत, पण ती सुरक्षितता छापलेल्या प्रमाणापुरतीच आहे.

म्हणून दूध करताना पाणी आधी आणि पावडर नंतर. पाणी उकळण्यापूर्वी नव्हे, तर उकळल्यानंतर मोजावे, कारण उकळताना ते आटते. बाटली हातात धरून न पाहता सपाट जागेवर ठेवावी आणि डोळे खुणेच्या पातळीवर आणून पाहावे. चमचा पावडरीत दाबून भरू नये; हलकेच भरून सुरीच्या मागच्या बाजूने वरची शीग काढून टाकावी. बाटलीवरील खुणांबद्दल शंका असेल, तर औषधाच्या दुकानातून १० मिलिलीटरची नवी सिरिंज आणून तीन वेळा पाणी ओतावे. ते ३० च्या खुणेवर आले पाहिजे. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचे असले, तरी मोजमाप खुणा असलेल्या भांड्यातच करावे, कारण घरातील वाटी किती मिलिलीटरची आहे हे डोळ्यांना कळत नाही.

एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात कधीही वापरू नये. काही परदेशी डब्यांचा चमचा ६० मिलिलीटर पाण्यासाठी असतो; नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या डब्यात आपला जुना चमचा टाकला, तर दूध निम्मे पातळ होते, आणि तो मोठा चमचा इथल्या डब्यात आला तर दुप्पट दाट. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना डॉक्टर मुद्दाम दाट दूध देतात, पण ते वजन, लघवी आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवून. त्या बाळाची चिठ्ठी दुसऱ्या बाळाला लागू पडत नाही.

आणि डबा पुरत नसेल, तर चमचे कमी करण्याआधी ती अडचण आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पष्टपणे सांगावी. आटलेले आईचे दूध बाळाला वारंवार अंगावर घेऊन आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने अनेकदा पुन्हा येऊ शकते, अगदी काही आठवड्यांच्या खंडानंतरही. जसजसे ते येऊ लागते, तसतशा डब्याच्या दुधाच्या बाटल्यांची संख्या कमी करता येते. प्रत्येक बाटलीतील चमचे मात्र तेवढेच राहतात.