कऱ्हाड दिसतंय, पण सापडत नाही

‘सबटायटल ९९ टक्के अचूक’ अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. ही अचूकता शब्द मोजून काढलेली असते. त्यात ‘आणि’ चुकलं काय नि गावाचं नाव चुकलं काय, चूक एकच धरतात. ऐकणाऱ्याला मात्र नावच खटकतं.

समजा, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या आठवणी एक आजी सांगताहेत, नातू प्रश्न विचारतोय, आणि सबटायटल मराठी-इंग्रजी दोन्ही हवीत. कोण कधी बोललं हे ओळखणारी प्रणाली आवाजाच्या छोट्या तुकड्यांचे गुणधर्म आकड्यांत मांडते आणि सारखे तुकडे एका गटात टाकते. तिच्या लेखी माणसं म्हणजे फक्त SPEAKER_00 आणि SPEAKER_01. त्यातल्या आजी कोण, हे आपण ऐकून ठरवायचं. आजींच्या वाक्यात नातवाने मध्येच ‘हं’ केलं की गट हमखास गडबडतात. तेवढ्या जागा कानांनीच तपासाव्या लागतात.

खरी गंमत नावांची. Whisper हे सॉफ्टवेअर ३०-३० सेकंदांचा आवाज घेतं आणि त्याला सर्वांत संभाव्य वाटेल ते लिहितं. म्हणून एकदा ‘कराड’ येतं, पुढे ‘कऱ्हाड’. त्याच्या initial_prompt या सेटिंगमध्ये नावांची यादी आधी देता येते. पण मुळात ती पहिल्या तुकड्यापुरतीच असते, पुढे तिचा प्रभाव ओसरतो.

मग आपण हाताने दुरुस्त करतो, आणि इथे एक न दिसणारी चूक शिरते. ‘ऱ्ह’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर टंकलं, की समोर दिसणारं ‘कऱ्हाड’ शोधूनही सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं NFC प्रमाणीकरणही हा फरक मिटवत नाही. त्यासाठी पायथनमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

ही ओळ आधी चालवावी, मग ‘कराड’चं ‘कऱ्हाड’ करावं. यादीतलं प्रत्येक नाव असंच एका रूपावर आणावं.

इंग्रजी त्यानंतरच. Whisper थेट इंग्रजी भाषांतरही देतं, पण त्यासाठी ते आवाज नव्याने ऐकतं आणि नावाचा अंदाजही नव्याने बांधतं. म्हणून भाषांतर दुरुस्त मराठी फाइलवरूनच करावं, सबटायटलच्या ओळींचे क्रमांक आणि वेळा तशाच ठेवून. यादीत ‘कऱ्हाड’समोर Karad लिहून ठेवावं. शेवटी ज्या क्रमांकाच्या मराठी ओळीत ‘कऱ्हाड’ आहे, त्याच क्रमांकाच्या इंग्रजी ओळीत Karad आहे का, हे संगणकाकडून तपासून घ्यावं. जिथे नसेल, तिथे भाषांतरकाराने ‘तिथे’ म्हणून वेळ मारून नेली असेल किंवा नाव चुकलं असेल. ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.