निवेदकाच्या सकाळच्या सूचना: काय सांगायचे, केव्हा, आणि काय मागे ठेवायचे
(एकदिवसीय कार्यशाळा व मेळावे भरवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कार्यक्रमाचे निवेदन आमच्याकडे सोपवताना बहुतेक आयोजक सूचनांची एक लांबलचक यादी हाती देतात. पार्किंग, जेवणाचे कूपन, प्रमाणपत्र, अभिप्रायाचा कागद, मोबाईल, समारोपानंतरचा ग्रुप फोटो, सगळे त्यात असते आणि 'सुरुवातीलाच एकदा सांगून टाका' असा आग्रहही असतो. आम्ही तसे करत नाही. सकाळी दहा वाजता सांगितलेली प्रमाणपत्राची सूचना चार वाजता कोणाच्याही लक्षात नसते, आणि दहाला सभागृह अर्धेच भरलेले असते हे नागपुरात तरी वेगळे सांगायला नको. म्हणून आमचा नियम असा, की पहिल्या सूचनांमध्ये फक्त पहिल्या विश्रांतीपर्यंत लागणारी माहिती द्यायची. अपवाद दोनच. जेवण किती वाजता आणि कार्यक्रम किती वाजता संपणार, हे मात्र सकाळीच सांगावे लागते. बाहेरगावहून आलेला माणूस परतीची गाडी मनात धरूनच खुर्चीवर बसतो. सुटण्याची वेळ कळली नाही, तर तीन वाजल्यापासून त्याचे डोळे घड्याळाकडे लागतात.

एक उदाहरण घेऊ. मे महिन्यात शंकरनगर भागातल्या एका सभागृहात संत्रा बागायतदारांची कार्यशाळा आहे. काटोल, नरखेड, वरूडकडून १८० जण येणार आहेत. विषय आहेत मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बागेला द्यायचा ताण आणि खोडावरचा डिंक्या रोग. छापील वेळापत्रक असे: १०:०० उद्घाटन व सत्कार, १०:३० पहिले सत्र, ११:३० चहा, ११:५० दुसरे सत्र, १:०० जेवण, २:०० प्रश्नोत्तरे, ३:३० समारोप, ४:०० सांगता. यासाठी आमची सकाळची संहिता साधारण अशी असते:

"नमस्कार मंडळी. आज पहाटे गाव सोडून आपण इथवर आलात, आपलं मनापासून स्वागत. पहिलं सत्र साडेदहाला सुरू होईल, विषय आहे मृग बहाराचा ताण. साडेअकराला चहा. चहा झाल्यावर अकरा पन्नासला आपण परत खुर्चीवर असू, आणि मग डिंक्या आणि बोर्डो पेस्टवर बोलणं होईल. जेवण बरोबर एक वाजता. कार्यक्रम चार वाजता संपेल. परतीची गाडी त्या हिशेबाने धरावी.

पिण्याचं पाणी आपल्या डाव्या हाताला, दाराबाहेरच्या टेबलावर आहे. बाहेर ऊन फार आहे, तेव्हा तहान लागायची वाट पाहू नका, मधेच उठून पाणी घेतलं तरी चालेल. स्वच्छतागृहं त्याच दाराने बाहेर पडल्यावर उजवीकडे. कोणाला गरगरल्यासारखं वाटलं, तर हिरवा बिल्ला लावलेल्या आमच्या कार्यकर्त्याला हात करा. सभागृहाला दोन दारं आहेत, एक आपण आत आलात ते, दुसरं मंचाच्या या बाजूला. काही कारणाने बाहेर पडावं लागलं, तर जे जवळ आहे त्या दाराने, घाई न करता.

मोबाईल आत्ताच हातात घ्या आणि आवाज बंद करा, मी थांबतो. प्रश्न मनात आला की समोरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, चिठ्ठ्या जेवणाआधी गोळा करू. आता दीपप्रज्वलनासाठी..."

मोठ्याने वाचून पाहा. सावकाश बोलणारा निवेदक मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द घेतो, म्हणजे हे सगळे दोन मिनिटांत आटोपते. त्यापलीकडे गेले की शेवटच्या रांगेतली कुजबुज सुरू होते, आणि कुजबुजीत सगळ्यात आधी हरवते ती वेळ.

या संहितेत एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे. 'चहासाठी वीस मिनिटांची विश्रांती' असे कुठेही म्हटलेले नाही. वीस मिनिटे म्हटले की प्रत्येकाचे घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होते. पुढच्या रांगेतल्या माणसाला चहा लगेच मिळतो. मागून आलेला दहा मिनिटे उभा राहतो आणि कप हातात आला तेव्हापासून वीस मोजतो. त्याचेही चूक नाही. 'अकरा पन्नासला खुर्चीवर' म्हटले की सगळ्यांचे घड्याळ एकच. निवेदकाने आकडाही पूर्ण शब्दांत, घड्याळातला बोलावा. 'चहानंतर लगेच', 'थोड्याच वेळात' हे शब्द आम्ही आमच्या माणसांना बंदच केले आहेत.

दुसरी गोष्ट मोबाईलची. 'कृपया मोबाईल बंद ठेवा' असे म्हणून निवेदक पुढे गेला, तर लोक मान डोलावतात आणि फोन खिशातच राहतो. 'मी थांबतो' म्हणून खरोखर पाच-सहा सेकंद गप्प राहिले की माना खाली जातात, हात खिशात जातात. एवढी शांतता मंचावरून फार लांबल्यासारखी वाटते, पण नवख्या निवेदकाने ती सहन करायला शिकावे.

मेमधल्या कार्यक्रमात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे कूलर. वातानुकूलित सभागृह नसेल तर भिंतीला लावलेले मोठे कूलर चालू असतात आणि त्यांच्या समोर बसलेल्यांना मंचावरचे फारसे ऐकू येत नाही. सूचनांची दोन मिनिटे मंचाजवळचे कूलर बंद ठेवा, असे आम्ही सभागृहाच्या माणसाला आधीच सांगून ठेवतो. दोन मिनिटांत कोणी उकडून जात नाही, आणि वेळा सगळ्यांच्या कानावर पडतात.

आता उशिराचे. पाहुणे सव्वादहाला पोहोचले, सभागृह १०:२५ ला भरले. अशा वेळी निवेदकाने दिलगिरीचे भाषण करू नये, आणि कोणामुळे उशीर झाला हे तर अजिबात सांगू नये. छापील कागद सगळ्यांच्या हातात असतो, त्यामुळे लोकांना एवढेच हवे असते की आता खरे काय. याचा निर्णय आयत्या वेळी मंचामागे होऊ नये म्हणून आदल्या दिवशीच ठरवून घ्यावा. आमच्या उदाहरणात ठरले होते ते असे: सव्वादहाच्या पुढे गेलो तर मान्यवरांचे सत्कार समारोपात जातील, ज्यांना लवकर निघायचे आहे त्यांचा सत्कार जेवणाआधी होईल. मग १०:२५ ला दीपप्रज्वलन, त्यानंतर सूचना, आणि पहिले सत्र १०:३५ ला. चहा ११:३५ ला, परत खुर्चीवर ११:५५ ला, दुसरे सत्र पाच मिनिटांनी लहान, आणि जेवण तरीही एक वाजता. पंचवीस मिनिटांचा उशीर झाला होता, पण लोकांच्या कागदावर पाचच मिनिटांची दुरुस्ती झाली. निवेदकाने म्हणायचे: "कागदावर दोन वेळा बदलून घ्या. चहा अकरा पस्तीस, परत अकरा पंचावन्न. जेवण एक वाजताच." शाल-श्रीफळ पुढे ढकलायला आयोजकांचे मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. पण दुसरा पर्याय वक्त्याची वेळ कापण्याचा किंवा जेवण लांबवण्याचा असतो, आणि जेवण लांबले की श्रोते दुपारच्या सत्राला परत येतील याची खात्री आम्ही देत नाही.

जेवणाची वेळ जाहीर करण्याआधी ती पुरेल की नाही, याचा हिशेब तुम्हीही करून पाहा. ताट घेऊन पदार्थांच्या रांगेतून पुढे सरकायला माणशी साधारण वीस सेकंद धरा. एकच टेबल असेल आणि दोन्ही बाजूंनी वाढून घेता येत असेल, तर दोन रांगा होतात, म्हणजे एका रांगेत नव्वद माणसे. नव्वद गुणिले वीस सेकंद म्हणजे तीस मिनिटे. शेवटच्या माणसाच्या हातात ताट येते दीड वाजता, वीस-पंचवीस मिनिटे जेवणाला, हात धुऊन तो दोनला कसाबसा पोहोचतो. जेवणाला पाऊण तासच ठेवला असता, तर हा माणूस हमखास उशिरा आला असता आणि दोष मात्र त्याच्यावर गेला असता. टेबले दोन लावली की चार रांगा होतात आणि शेवटचे ताट सव्वाला मिळते. दुसऱ्या टेबलासाठी कॅटरर थोडे जास्त सांगेल, तरी ते लावाच, असा आमचा सल्ला आहे. शिवाय निवेदकाने सगळ्यांना एकदम उठवू नये. "आधी आपल्या डाव्या हाताच्या रांगा, उजवीकडची मंडळी पाच मिनिटे चिठ्ठ्या पूर्ण करा" असे म्हटले की दारातली रेटारेटी टळते, आणि ज्येष्ठांना उन्हात उभे राहावे लागत नाही.

जेवणाच्या सूचना मात्र एकला पाच कमी असतानाच. कूपन कुठे द्यायचे, ताटे कुठे ठेवायची, पन्हे कोणत्या टेबलावर आहे, इतकेच. प्रमाणपत्र आणि अभिप्रायाचा कागद यांची सूचना साडेतीनला, समारोप सुरू होण्यापूर्वी. ग्रुप फोटो असेल तर तो चारनंतर ठेवू नका. चार वाजता संपेल असे सकाळी सांगितले आहे, तेव्हा चारनंतर लोक गणेशपेठ बस स्थानकाची वाट धरणारच.

विश्रांतीनंतर लोकांना परत आणणे हे सूचनांचेच अर्धे काम आहे, पण त्याचा विचार क्वचित होतो. मंचावरचा माइक चहाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. 'सर्वांनी आसनस्थ व्हावे' ही हाक रिकाम्या खुर्च्याच ऐकतात. आमचा एक माणूस ११:४५ ला घंटी घेऊन बाहेर फिरतो आणि पुढच्या विषयाचे नाव घेतो: "डिंक्यावरचं सत्र सुरू होतंय." नुसत्या 'चला चला'पेक्षा याने पावले लवकर वळतात, कारण ज्याच्या बागेत डिंक्या आहे तो त्याच्यासाठीच आलेला असतो. बरोबर ११:५० ला, निम्मे लोक आत असले तरी, सत्र सुरू करावे. पहिल्या विश्रांतीनंतर वाट पाहिली, की जेवणानंतर दुप्पट वाट पाहावी लागते.

सूचना पोहोचल्या की नाही, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. चहाच्या वेळी तुमच्या कार्यकर्त्यांना लोक काय विचारतात ते ऐका. एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला, तर ती सूचना सकाळी राहून गेली किंवा कानापर्यंत गेली नाही. आमचा निवेदक दुसऱ्या सत्राआधी तेवढीच एक पुन्हा सांगतो, सगळी यादी पुन्हा वाचत नाही.

संहिता तयार करायला आम्हाला तुमच्याकडून काही गोष्टी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागतात: अंतिम वेळापत्रक, मान्यवरांची नावे व पदे तुमच्या अक्षरात तपासलेली, जेवणाची टेबले किती, आणि उशीर झाला तर काय मागे टाकायचे याचा निर्णय घेणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव. दोन व्यक्ती असतील तर मंचामागे वाद होतात. सभागृहाची चावी मिळाली की तासभर आधी आम्ही स्वतः जाऊन दारे उघडी आहेत का, दुसऱ्या दाराला कुलूप तर नाही, पाण्याचे टेबल खरोखर डाव्या हाताला आहे का, हे पाहून घेतो. श्रोत्यांचा डावा हात म्हणजे मंचावरून पाहणाऱ्या निवेदकाचा उजवा, म्हणून संहितेतल्या डाव्या-उजव्या दिशा आम्ही श्रोत्यांच्या खुर्चीत बसूनच लिहितो.