ड्रॉप्स की सिरप? बाटलीवरचा "पर" नंतरचा आकडा आधी वाचा

बाळाचं पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं आणि बहुतेक घरांत दोन्ही बाटल्या एकाच डब्यात असतात. ड्रॉप्सच्या लेबलवर सहसा असतं १०० एमजी पर १ एमएल, आणि सिरपवर १२५ एमजी पर ५ एमएल. आता १२५ मोठा दिसतो म्हणून सिरप स्ट्राँग वाटतं, पण ते १२५ पूर्ण ५ एमएलमध्ये पसरलेले आहेत, म्हणजे १ एमएलमध्ये फक्त २५. ड्रॉप्स त्याच्या चौपट कडक असतात, छोटी बाटली म्हणजे हलकं औषध असं नाही. सिरप २५० पर ५ एमएलचंही येतं, त्यामुळे "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" हा हिशोब नवीन बाटलीला लावू नका.

माझ्या बहिणीकडे अशीच चूक थोडक्यात टळली. मुलगी पाच महिन्यांची, वजन ६ किलो, आणि डॉक्टरांनी ड्रॉप्स ०.८ एमएल लिहून दिले होते. साधारण किलोमागे १० ते १५ एमजी एका वेळी धरतात, म्हणजे हे ८० एमजी अगदी बरोबर. रात्री दीड वाजता ताप चढला, चिठ्ठीतला पॉइंट पुसट, आणि ताईने ८ वाचून सिरपच्या टोपणात ड्रॉप्स ओतायला घेतले. ८ एमएल म्हणजे ८०० एमजी, बरोबर दहापट! बाटलीच १५ एमएलची, अर्धी रिकामी व्हायला लागली तेव्हा तिचा हात थांबला. ड्रॉप्सचा ड्रॉपर १ एमएलपर्यंतच असतो, तो पुन्हापुन्हा भरावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय हे नक्की.

१२५ पर ५ एमएलच्या सिरपमधून तेच ८० एमजी द्यायचे तर ३.२ एमएल लागले असते. म्हणूनच नुसतं "किती एमएल" विचारून भागत नाही, किती एमजी आणि कुठल्या बाटलीतून हे दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि ०.८ मधला आधीचा शून्य डॉक्टरांनी लिहिला नसेल तर तिथेच लिहायला सांगा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला वापरू नका, घरातला चमचा तर नकोच कारण प्रत्येकाचं माप वेगळं, मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा. दोन डोसमध्ये निदान ४ तास हवेत आणि २४ तासांत चारच्या वर नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध देण्याआधी डॉक्टर.

आणि चुकून जास्त गेलंच तर बाळ खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नका, कारण पॅरासिटामॉलचा लिव्हरवरचा त्रास पहिल्या दिवशी दिसतच नाही कधीकधी. त्यावर उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो, म्हणून उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ हॉस्पिटल गाठा, बाटली सोबत घ्या, आणि किती वाजता किती दिलं ते कागदावर लिहून न्या.