रिपीट स्कॅनचे पत्र (छातीचा एचआरसीटी)

स्कॅन सुरू असताना रुग्ण हलल्यामुळे प्रतिमा अस्पष्ट आली, की तपासणी पुन्हा का करावी लागणार हे रेडिओग्राफर रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवतो. त्या पत्राविषयी ही नोंद आहे. फुप्फुसांचे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनच्या, म्हणजे छातीच्या एचआरसीटीच्या बाबतीत असे पत्र विशेष काळजीने लिहावे लागते, कारण पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा किरणोत्सर्ग, आणि तो का द्यायचा याचे कारण पत्रातच सापडले पाहिजे. निदान हे रेडिओलॉजिस्टचे काम असल्याने पत्र त्यांच्या संमतीने जाते, आणि त्यात रोगाविषयी मत नसते. प्रतिमेत काय बिघडले आणि ते कसे सुधारता येईल, एवढेच असते.

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. कोरडा खोकला, चालताना लागणारी धाप आणि फुप्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोपने ऐकू येणारी करकर, अशा तक्रारींसाठी ५८ वर्षांच्या गृहस्थांना फुप्फुसाच्या ऊतींना सूज वा व्रण आणणाऱ्या आजारांच्या शंकेने ‘आयएलडी आहे का पाहावे’ असे लिहून एचआरसीटीसाठी पाठवले आहे. सोळा स्लाइसच्या यंत्रावर शेंड्यापासून तळापर्यंतचे ३० सेंटिमीटर स्कॅन व्हायला सुमारे १० सेकंद लागले. रुग्णाने श्वास भरून धरला होता, पण सातव्या सेकंदाच्या आसपास तो सुटला. वरचा भाग स्वच्छ आला आणि तळाचे १० सेंटिमीटर धूसर झाले.

हा दोष श्वासामुळेच आला, हे प्रतिमेतच ओळखता येते. दोन खंडांमधली फिशर एका बारीक रेषेऐवजी दोन समांतर रेषांसारखी दिसते, रक्तवाहिन्यांना जुळी कड येते, आणि कोरोनल, म्हणजे समोरून दिसणाऱ्या छेदाच्या प्रतिमेत डायाफ्रामची गोलाई जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटते. धूसरपणा फक्त हृदयाच्या डाव्या कडेलगत असेल, तर मात्र तो बहुधा ठोक्यांचा असतो, आणि रुग्णाने कितीही नीट श्वास धरला तरी तो जात नाही. हा फरक न पाहता रिपीट मागणे म्हणजे रुग्णाला विनाकारण डोस देणे होय.

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद अस्पष्टतेचा आणि डॉक्टरांच्या प्रश्नाचा संबंध सांगणारा असतो. वरील प्रसंगात तो असा लिहिता येईल: ‘आदरणीय डॉक्टर, आपण ज्या बदलांची शंका घेतली आहे ते बहुधा फुप्फुसाच्या तळाशी सुरू होतात, आणि नेमका तोच भाग रुग्णाचा श्वास सुटल्याने अस्पष्ट आला आहे. अशा प्रतिमेत निरोगी श्वासनलिकाही रुंदावल्यासारखी दिसू शकते आणि नसलेली ग्राउंड ग्लास छटा भासू शकते. उलट खरे सूक्ष्म बदल झाकले जाऊ शकतात. म्हणून रेडिओलॉजिस्टशी चर्चा करून फक्त तळाचा भाग पुन्हा स्कॅन करावा, अशी विनंती आहे.’ हेच गृहस्थ शेंड्याकडच्या एखाद्या जुन्या व्रणाच्या पाहणीसाठी आले असते, तर तळ धूसर असूनही रिपीटची गरज पडली नसती.

त्यानंतर डोस लिहावा, आणि तो यंत्राच्या डोस रिपोर्टवरून घ्यावा. पहिल्या स्कॅनचा सीटीडीआय, म्हणजे यंत्राने दाखवलेली किरणांची तीव्रता, ८ मिलिग्रे असेल, तर तिला ३० सेंटिमीटर लांबीने गुणून डीएलपी २४० येतो आणि छातीचा ०.०१४ हा गुणक लावून प्रभावी डोस सुमारे ३.४ मिलिसिव्हर्ट होतो. स्वच्छ भागाशी सांधा जुळावा म्हणून तळाचे १० ऐवजी १२ सेंटिमीटर घेतले, तरी डीएलपी ९६ म्हणजे सुमारे १.३ मिलिसिव्हर्ट एवढीच भर पडते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, हे सोबत लिहिले तर डॉक्टरांना रुग्णाला समजावणे सोपे जाते.

पुन्हा तेच घडू नये म्हणून काय बदलणार, हे पत्रात नसेल तर विनंती अपुरी राहते. इथे १२ सेंटिमीटरला चार सेकंदांहून थोडाच जास्त वेळ लागेल, आणि तेवढा श्वास या रुग्णाला धरता येतो, हे पहिल्याच स्कॅनने दाखवले आहे. दिशाही उलटी, म्हणजे तळाकडून वर ठेवता येते. श्वास सुटलाच तर शेवटी आलेला भाग तळापेक्षा कमी हलतो. टेबलावर घेण्याआधी रुग्णाकडून ‘श्वास आत घ्या, सोडा, पुन्हा भरून घ्या, धरा’ याची दोन-तीनदा तालीम करून घ्यावी, आणि धरताना पोट हलते का हे हात ठेवून पाहावे. खोकल्याची उबळ येत असेल तर ती ओसरेपर्यंत थांबावे. रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवायचे असेल आणि ती गर्भधारणेच्या वयातली स्त्री असेल, तर शेवटच्या पाळीची तारीख नव्याने विचारून नोंदवावी लागते. पहिल्या प्रतिमा पुसून टाकत नाहीत. वरच्या भागाचे वाचन त्यांवरूनच होते.