आधी यंत्र वाचतं, मग शब्द उजळतो

कथा ऐकताना पडद्यावरचा नेमका तोच शब्द पिवळा होतो, तेव्हा पुस्तकाला काही ऐकू येत असतं असं नाही. ईपब 3 प्रकारच्या अशा बोलत्या पुस्तकात प्रत्येक शब्दाची वेळ आधीच लिहून ठेवलेली असते. "आजी अंगणात बसली होती" या वाक्यातला दुसरा शब्द घ्या:

```xml
<par>
  <text src="p1.xhtml#w2"/>
  <audio src="p1.mp3" clipBegin="1.24s" clipEnd="2.00s"/>
</par>
```

म्हणजे "अंगणात" हा शब्द 1.24 ते 2 सेकंदांच्या दरम्यान ऐकू येतो. या वेळा हाताने टिपायच्या तर एका पुस्तकाला आठवडे लागतील.

`aeneas` नावाचा मुक्त प्रोग्रॅम यासाठी जी युक्ती वापरतो, ती मला फार आवडते. तो आधी मजकूर स्वतःच यांत्रिक आवाजात वाचतो. आवाज रटाळ असतो, पण कुठला शब्द कधी सुरू झाला हे त्याला पक्कं माहीत असतं. मग यंत्राचं आणि माणसाचं अशी दोन्ही वाचनं 40 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मोडली जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या नादाचं मोजक्या आकड्यांत वर्णन केलं जातं.

एकच आरती एक जण संथ म्हणतोय आणि दुसरा घाईत. वेग वेगळा, पण ओळींचा क्रम तोच. तसंच इथेही दोन्ही वाचनांतल्या तुकड्यांचा क्रम न मोडता, सर्वांत कमी फरक पडेल अशा जोड्या लावायच्या. समजा, यंत्राने "अंगणात" 0.36 ते 0.88 सेकंदांत म्हटलं, म्हणजे 9व्या तुकड्यापासून 22व्यापर्यंत. माणूस "आजी" म्हणून जरा थांबला, म्हणून त्याचे 31 ते 50 हे तुकडे त्यांच्याशी जुळले. 50 गुणिले 40 मिलिसेकंद, म्हणजे बरोबर 2 सेकंद. दहा मिनिटांच्या ध्वनीत असे 15,000 तुकडे होतात. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर 22.5 कोटी चौकटींचा तक्ता भरावा लागेल, म्हणून हिशेब त्या तक्त्याच्या कर्णाच्या आसपासच्या पट्ट्यातच केला जातो.

वाक्यांच्या वेळा यातून छान मिळतात, शब्दांच्या बाबतीत मात्र जपावं लागतं. बोलताना शब्दांमध्ये बहुतेकदा फट नसतेच. त्यात आपली मराठी! पुस्तकात "केलं आहे" छापलेलं असतं आणि वाचणारा सहज "केलंय" म्हणून जातो. मजकुरातल्या प्रत्येक शब्दाला जागा द्यायचीच, हा या पद्धतीचा नियम. मग "आहे" बिचारं कुठेतरी चेपलं जातं आणि पडद्यावर लुकलुकून विझतं. सुरुवातीला पुस्तक वाचून दाखवणाऱ्याने शीर्षकाआधी स्वतःचं नाव सांगितलं आणि ते मजकुरात नसलं, तर पहिल्या काही ओळी सरकतात.

अशा जागा शोधायला सगळं ऐकत बसायची गरज नाही. शब्दांचे कालावधी ओळीने लावून पाहायचे. चार-पाच अक्षरांच्या शब्दाला 0.08 सेकंद मिळाला असेल, तर तिथे हमखास गडबड आहे. आणि "केलं आहे" सारख्या जोड्यांना एकच खूण देऊन दोन्ही शब्द एकदमच उजळवले, की वाचणाऱ्याची नजर अडखळत नाही.